टोमॅटोच्या पानावर डाग : फोटोत नेमके काय पाहायचे?

सप्टेंबरचा मध्य. लागवडीला दीड महिना झालेला टोमॅटोचा प्लॉट. चार दिवस रिमझिम आणि सकाळी दाट धुके. शेतकरी एक डागाळलेले पान तोडतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि गटात टाकतो : 'काय फवारू?' दहा मिनिटांत उत्तर येते, 'करपा आहे.' उत्तर चुकीचे नसते, पण अर्धवट असते. कारण टोमॅटोवर करपा या एकाच नावाने ओळखले जाणारे दोन वेगळे रोग येतात आणि एकावर चालणारे औषध दुसऱ्यावर चालेलच असे नाही.

वलये दिसतात का?

पहिला रोग लवकर येणारा करपा. तो अल्टरनेरिया या बुरशीमुळे होतो. त्याचा डाग तपकिरी, कोरडा आणि बहुधा गोलसर असतो. डागात एकात एक वलये दिसतात, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशी. बुरशी सलग वाढत नाही. दमट वेळ आणि कोरडी वेळ यांच्या आलटून-पालटून येण्याने ती टप्प्याटप्प्याने पसरते आणि प्रत्येक टप्प्याची खूण मागे राहते. डाग साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याच्याभोवती पान पिवळे पडते.

दुसरा रोग उशिरा येणारा करपा. त्याचा डाग वेडावाकडा असतो. तो बहुतेकदा पानाच्या कडेला किंवा टोकाला सुरू होतो आणि सुरुवातीला उकळत्या पाण्याने भाजल्यासारखा हिरवट-करडा दिसतो. त्यात वलये नसतात. डाग कुठे संपतो आणि निरोगी पान कुठे सुरू होते, ही रेषाही स्पष्ट नसते. नंतर तो भाग काळपट तपकिरी होतो.

नावातल्या 'लवकर' आणि 'उशिरा' या शब्दांवर मात्र विसंबू नये. हवा थंड आणि ओली राहिली तर उशिरा येणारा करपा कोवळ्या प्लॉटवरही येतो.

पान उलटल्याशिवाय निदान नाही

गटांवर येणारे बहुतेक फोटो पानाच्या वरच्या बाजूचे असतात. महत्त्वाची खूण मात्र खालच्या बाजूला असते. उशिरा येणाऱ्या करप्यात सकाळी दव असताना पान उलटले, तर डागाच्या कडेने पांढरट, विरळ कापसासारखी वाढ दिसते. ऊन चढले की ती वाळते. दुपारी काढलेल्या फोटोत ती दिसली नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही.

शंका असेल तर डाग असलेले पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर सावलीत ठेवावे. सकाळी खालच्या बाजूला पांढरी वाढ आली, तर संशय बळावतो. पानावर साठलेली धूळ किंवा फवारणीचा पांढरा थर फोटोत हुबेहूब बुरशीसारखा दिसतो. म्हणून ती वाढ डागाच्या कडेलाच आहे की पानभर पसरली आहे, हे पाहावे.

पान झाडावर कुठे होते?

तोडलेल्या पानाच्या फोटोत हे कळत नाही आणि नेमकी हीच माहिती लागते. लवकर येणारा करपा बुडाच्या जुन्या पानांपासून सुरू होऊन वर चढतो. उशिरा येणारा करपा झाडाच्या कुठल्याही पानावर, शेंड्याकडेही दिसतो आणि खोडावर काळपट चट्टे पाडतो.

डाग फार लहान, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे, काळे, तेलकट आणि वलयांशिवाय असतील, तर दोन्ही करपे बाजूला ठेवून जिवाणूजन्य ठिपक्यांचा विचार करावा लागतो. बुरशीसाठीची बहुतेक औषधे जिवाणूवर चालत नाहीत.

एकच प्लॉट, दोन फोटो

आता सुरुवातीच्या प्लॉटकडे वळू. गटात टाकलेल्या फोटोतले पान बुडाचे होते. त्यावर तीन तपकिरी डाग, सर्वांत मोठा अंगठ्याच्या नखाएवढा, आत तीन वलये, भोवती पिवळेपणा. लवकर येणाऱ्या करप्याची ही लक्षणे आहेत आणि त्यावरून ट्रायझोल गटातले बुरशीनाशक सुचवले जाणे स्वाभाविक आहे.

पण त्याच प्लॉटच्या सखल कोपऱ्यात, जिथे धुके उशिरापर्यंत रेंगाळते, तिथला दुसरा फोटो वेगळे सांगतो. मधल्या उंचीच्या पानाची कड हिरवट-करडी, डागात वलय नाही आणि सकाळी उलटलेल्या पानावर पांढरी कड. म्हणजे एकाच शेतात दोन्ही रोग आहेत.

इथे पहिल्याच फोटोवर थांबले तर नुकसान होते. उशिरा येणाऱ्या करप्याचा फायटोफ्थोरा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नाही. ट्रायझोल औषधे बुरशीच्या पेशीत तयार होणारा एक घटक अडवतात. फायटोफ्थोरा तो घटक स्वतः बनवतच नाही, त्यामुळे औषधाला अडवायला काही उरत नाही. उलट मेटॅलॅक्झिलसारखी औषधे फायटोफ्थोरावर चालतात, पण अल्टरनेरियावर नाही. मॅन्कोझेब दोन्हींना रोखू शकते, मात्र ते पानावर थर धरून संरक्षण देणारे औषध आहे; आत शिरलेला रोग ते काढत नाही. थंड, ओल्या हवेत उशिरा येणारा करपा काही दिवसांत प्लॉट काळा करतो. त्यामुळे चुकीच्या फवारणीत पैशांपेक्षा वेळ महाग पडतो.

उपयोगी पडेल असा फोटो

एका पानाचे दहा फोटो पाठवण्यापेक्षा चार वेगळे फोटो पाठवावेत : पानाची वरची बाजू, खालची बाजू, पूर्ण झाड आणि प्लॉटचा तो कोपरा. फोटो सकाळी, सावलीत आणि फ्लॅश बंद ठेवून काढावा. फ्लॅशने तेलकट चमक आणि पिवळी कड दोन्ही पुसट होतात. आकार कळण्यासाठी डागाशेजारी नाणे ठेवावे. पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती दाबली जात नाही आणि बारीक वलये शाबूत राहतात. सोबत लागवडीची तारीख, गेल्या चार दिवसांतला पाऊस आणि आधी झालेल्या फवारण्या लिहाव्यात.

आणखी एक साधी चाचणी आहे. झाडावरच्याच पानाच्या डागाची कड बॉलपेनने आखावी, देठाला दोरा बांधावा आणि दोन दिवसांनी तोच फोटो पुन्हा काढावा. डाग रेषेबाहेर गेला असेल तर रोग जिवंत आहे. रेषेतच थांबला असेल आणि सगळ्या झाडांवर एकाच बाजूला तसेच डाग असतील, तर औषधाने पान भाजले असण्याची शक्यता अधिक. पांढरी कड दिसलेली असेल, तर मात्र ही दोन दिवसांची वाट पाहू नये.

फोटोवरून शक्यता कमी करता येतात. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. डाग या कोणत्याच वर्णनात बसत नसेल किंवा योग्य फवारणीनंतरही वाढत असेल, तर ताजी, कागदात गुंडाळलेली चार-पाच पाने जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत. पूर्ण वाळलेले पान नेऊ नये, कारण त्यावर नंतर वाढलेल्या दुसऱ्याच बुरशी सापडतात.