चार लाखांची हमी आणि एक तारीख

निविदा मंजूर झाल्याचं पत्र येतं, त्यात कामाची रक्कम असते, कामाचा कालावधी असतो आणि बहुधा दुसऱ्या पानावर एक अट असते : कंत्राट रकमेच्या इतक्या टक्क्यांची सुरक्षा अनामत पंधरा दिवसांत भरावी, अन्यथा बयाणा रक्कम जप्त केली जाईल. ही अनामत रोख भरता येते किंवा राष्ट्रीयीकृत अथवा शेड्यूल्ड बँकेची हमी देता येते. नव्या ठेकेदाराची धावपळ इथून सुरू होते. हमी द्यायची की नाही हे बँक ठरवते, पण हमीत काय लिहायचं हे जवळजवळ सगळं ठेकेदाराच्या अर्जावरून ठरतं. अर्जात एक तारीख चुकली तरी त्याचे पैसे दोन-तीन वर्षं अडकून राहतात.

एक उदाहरण धरून चालू. नगरपरिषदेचं पंपघर दुरुस्त करून नवे पंप बसवायचे आहेत. कंत्राट ८० लाखांचं, अनामत ५ टक्के, म्हणजे ४ लाख. काम ९ महिन्यांत संपवायचं आणि त्यानंतर १२ महिने दोषदायित्व कालावधी, म्हणजे या काळात काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं. स्वीकृतीपत्राची तारीख ५ मे २०२५, म्हणून हमी २० मेपर्यंत दाखल करायची आहे.

बँकेची हमी म्हणजे तीन पक्षांमधला व्यवहार. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये त्याची व्याख्या आहे. ठेकेदार हा मूळ देणेकरी, नगरपरिषद ही लाभार्थी आणि बँक जामीनदार. सरकारी कामांच्या हमीपत्रात बँक लिहून देते की लाभार्थीने मागणी करताच, कोणतीही हरकत न घेता रक्कम देऊ. हे शब्द कोर्टात टिकतात. उत्तर प्रदेश सहकारी फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच स्पष्ट केलं की बिनशर्त हमीची मागणी आली की बँकेने पैसे दिले पाहिजेत. उघड आणि गंभीर फसवणूक किंवा कधीही भरून न येणारं नुकसान, एवढ्याच अपवादात कोर्ट मध्ये पडतं. ‘काम पूर्ण झालंय, नगरपरिषदच बिल अडवतेय’ ही ठेकेदाराची तक्रार खरी असली तरी ती हमीच्या मागणीला थांबवू शकत नाही. तो वाद वेगळा लढावा लागतो.

बँक मार्जिन मागते ती यामुळेच. मार्जिन म्हणजे हमीच्या रकमेतला ठेकेदाराने आधी बँकेत ठेवायचा हिस्सा. बहुतेक वेळा ही रक्कम मुदत ठेवीत जाते आणि तिच्यावर बँकेचा लीन लागतो, म्हणजे ठेव ठेकेदाराच्या नावावरच राहते, व्याजही त्यालाच मिळतं, पण ती मोडता येत नाही. ज्याला बँकेने हमीसाठी लिमिट मंजूर केलेली आहे आणि तारण दिलेलं आहे, त्याला थोड्या मार्जिनवर भागतं. ज्याची लिमिट नाही त्याच्याकडून बँक पूर्ण १०० टक्के मार्जिन घेते. आपल्या ठेकेदाराची लिमिट आहे आणि मंजुरीपत्रात मार्जिन २५ टक्के ठरलेलं आहे असं धरू. म्हणजे १ लाखाची ठेव. लिमिट नसती तर सगळे ४ लाख अडकले असते, तेही काम सुरू करायला पैसे लागतात नेमक्या त्या वेळी.

उरलेले ३ लाख बँक ठेकेदाराच्या भरवशावर देते, पण तेवढ्यावर सोडत नाही. ठेकेदाराला काउंटर गॅरंटीवर सही करावी लागते, म्हणजे हमीपोटी बँकेला जे द्यावं लागेल ते व्याजासकट आपण फेडू, असं लेखी देणं. हमी वटवली गेली तर आधी १ लाखाची ठेव जाते आणि बाकीचे ३ लाख त्या दिवसापासून ठेकेदाराच्या नावावरचं कर्ज होतं. हे पैसे आपण मागितलेच नव्हते, असं म्हणायला मग जागा राहत नाही. अनेक जण काउंटर गॅरंटीचा कागद न वाचता सही करतात याचं मला वाईट वाटतं, कारण हमी घेताना आपण खरोखर काय पत्करतोय हे त्याच कागदात लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुदतीच्या रकान्यात. कामाची मुदत ९ महिने म्हणून हमी ९ महिन्यांची, असं लिहून येणारे अर्ज कमी नाहीत. अशी हमी कार्यालय परत पाठवतं, कारण दोषदायित्व संपेपर्यंत ती जिवंत हवी असते. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे तर हमी सर्व जबाबदाऱ्या, वॉरंटीसकट, संपल्यानंतर आणखी ६० दिवस वैध असली पाहिजे. नगरपरिषदेच्या निविदेत किती दिवस लिहिलेत ते तिथेच वाचावं. आपल्या उदाहरणातही ६० दिवसच आहेत असं समजू.

अडचण अशी की कार्यारंभ आदेश हमी दाखल झाल्यानंतर मिळतो. अर्ज लिहिताना काम कधी सुरू होणार हेच माहीत नसतं. समजा अभियंत्याने १ जूनचा अंदाज दिला. तेव्हा काम २८ फेब्रुवारी २०२६ला संपेल, दोषदायित्व २८ फेब्रुवारी २०२७ला आणि ६० दिवस धरून हमी २९ एप्रिल २०२७ पर्यंत हवी. पण आदेश जुलैत निघाला, तर तारीख लगेच अपुरी पडते. म्हणून जाणता ठेकेदार थोडी जागा ठेवून ३० जून २०२७ लिहितो. या दोन महिन्यांचा खर्च किती? बँकेचं कमिशन उदाहरणादाखल वर्षाला २ टक्के, म्हणजे तिमाहीला २,००० रुपये धरलं, तर जीएसटी धरून एका जादा तिमाहीचे २,३६० रुपये. पुढे मुदतवाढीसाठी पुन्हा अर्ज, नवा स्टॅम्प आणि कार्यालयाचे हेलपाटे करण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त.

मुदतीच्या जोडीला ‘क्लेम पीरियड’ नावाची आणखी एक तारीख असते. हमीची मुदत संपल्यावरही, मुदतीत घडलेल्या चुकीबद्दल मागणी करायला लाभार्थीला दिलेला हा वेळ. करार कायद्याच्या कलम २८ला २०१३ पासून एक अपवाद जोडला गेला. त्यानुसार ठरावीक मुदतीत मागणी वा दावा आला नाही तर आपली जबाबदारी संपली, असं बँक लिहू शकते, पण ती मुदत एका वर्षापेक्षा कमी असता कामा नये. हे वाचून बऱ्याच बँकांनी सरसकट एक वर्षाचा क्लेम पीरियड लावायला सुरुवात केली आणि त्या वर्षाचंही कमिशन घेऊ लागल्या. २०२१ साली लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की हा अपवाद कोर्टात जाण्याच्या हक्काच्या मुदतीबद्दल आहे आणि बँकेने क्लेम पीरियड एक वर्षाचाच ठेवावा अशी कायद्याची सक्ती नाही. म्हणून निविदेने मागितलेला नसेल तर कमी क्लेम पीरियड मागायला हरकत नाही. काही शाखा मान्य करतात, काही करत नाहीत. आपल्या उदाहरणात एक वर्ष लागलं आणि त्याचंही कमिशन घेतलं, तर हमीचा खर्च जीएसटीसह २१,२४० वरून ३०,६८० रुपयांवर जातो. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे १ लाखाची ठेव आणखी एक वर्ष अडकते.

लाभार्थीचा तपशील म्हणजे नुसता पत्ता नव्हे. हमी कोणाच्या नावाने, मागणी करण्याचा अधिकार कोणाला, हे त्यातून ठरतं. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिहार राज्य या १९९९च्या निकालात हमी वटवण्याचा अधिकार मुख्य अभियंत्याला होता आणि मागणीपत्र कार्यकारी अभियंत्याने पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी चुकीची ठरवली. त्यामुळे कार्यालयं आपल्या पदनामाबद्दल काटेकोर असतात आणि ते बरोबरच आहे. निविदेत ‘मुख्याधिकारी’ असेल तर अर्जात ‘नगराध्यक्ष’ किंवा नुसतं ‘नगरपरिषद’ लिहू नये.

आता लाभार्थीच्या बँक खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी कोडही लागतो, कारण हमी निघाली की आपली बँक एसएफएमएस या आंतरबँक संदेशप्रणालीवरून लाभार्थीच्या बँकेला तिची खातरजमा पाठवते. कोड चुकला तर कागद हातात असूनही कार्यालय म्हणतं, ‘आमच्या बँकेत संदेश आलेला नाही,’ आणि पंधरा दिवसांतले चार-पाच दिवस त्यातच जातात. बनावट हमीपत्रं दाखल करण्याचे प्रकार घडलेले असल्याने ही खातरजमा कोणी सोडत नाही.

एवढं हाताशी असलं की अर्ज अवघड राहत नाही :

प्रति, शाखा व्यवस्थापक.
विषय : ४,००,००० रुपयांची कामगिरी हमी देण्याबाबत.
महोदय, आम्हाला मंजूर असलेल्या हमी मर्यादेतून पुढीलप्रमाणे हमी द्यावी, ही विनंती.
लाभार्थी : मुख्याधिकारी, (नगरपरिषदेचं नाव व संपूर्ण पत्ता). लाभार्थीचं बँक खातं व आयएफएससी कोड सोबत जोडलेल्या कार्यालयीन पत्रानुसार.
काम : पंपघर दुरुस्ती व पंप बसवणे, स्वीकृतीपत्र दि. ५ मे २०२५, कंत्राट रक्कम ८०,००,००० रुपये.
वैधता : ३० जून २०२७ पर्यंत. क्लेम पीरियड : निविदेतील नमुन्यानुसार.
मार्जिन : २५ टक्के, १,००,००० रुपये. आमच्या चालू खात्यातून घेऊन मुदत ठेव करावी व लीन नोंदवावा. ठेवीचं आपोआप नूतनीकरण व्हावं.
कमिशन व स्टॅम्पचा खर्च त्याच खात्यातून वळता करावा.
सोबत : स्वीकृतीपत्र, निविदेतील हमीचा नमुना, काउंटर गॅरंटी.

निविदेतला हमीचा नमुना जोडणं फार महत्त्वाचं. बँक स्वतःच्या मसुद्यावर हमी काढते आणि कार्यालय आपलाच मसुदा मागतं, यात दिवस जातात. नमुन्यातलं एखादं वाक्य बँकेच्या कायदा विभागाला खटकत असेल तर ते हमी छापण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

पुढे काम लांबलं, तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधी वाढीचा अर्ज द्यावा. मुदतीच्या अगदी तोंडावर कार्यालयाकडून बँकेला ‘मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या’ असं पत्र जातं. बँकेला ती मागणीच समजावी लागते. अशा वेळी ठेकेदार गावाला असला आणि फोन लागला नाही, तर बँक वाट पाहत बसत नाही.

आणि काम नीट पार पडलं, दोषदायित्वही संपलं, तरी लीन आपोआप उठत नाही. हमीची मूळ प्रत नगरपरिषदेच्या लेखा विभागात पडून राहते आणि ती किंवा ‘आमचा काही दावा नाही’ असं लाभार्थीचं पत्र आल्याशिवाय बँक सहसा क्लेम पीरियड संपेपर्यंत ठेव सोडत नाही. म्हणून दोषदायित्व संपल्याचा दाखला मिळताच त्याच आठवड्यात मूळ प्रत परत मिळण्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. प्रत शाखेत जमा केल्यावर ठेवीवरचा लीन काढल्याची नोंद खात्यावर दिसते का, ते पाहूनच निघावं.