कोड सांगणारं गिऱ्हाईक कुणाचं?

समजा, दिवाळीच्या फराळाची पत्रकं २० सारख्या सोसायट्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १० सोसायट्यांत वाटली. खर्च ६,००० रुपये. पत्रकावरचा ‘चकली१०’ हा सवलतीचा कोड ४० गिऱ्हाइकांनी सांगितला, म्हणजे गिऱ्हाइकामागे दीडशे रुपये. पण नेहमीची गिऱ्हाइकंही सवलतीसाठी कोड सांगतातच! म्हणून प्रत्येक ऑर्डरचा पत्ता लिहून ठेवायचा. पत्रकवाल्या सोसायट्यांतून ६० ऑर्डरी आल्या आणि बाकीच्या दहांतून, पत्रकाशिवाय, ३६. पत्रकानं आणलेली गिऱ्हाइकं साधारण २४. खरा खर्च माणशी २५०. सवलत वजा जाता डब्यामागे २०० रुपयेच सुटत असतील, तर या दिवाळीत पत्रक तोट्यात गेलं. फरक चार-पाच ऑर्डरींचाच असता, तर तो निव्वळ योगायोगही असू शकला असता.