एक ‘ज’, दोन आवाज

‘जग’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. विश्व या अर्थाने म्हणाल तर जीभ वर टाळूला लागते, ‘जीव’ म्हणताना लागते तशी. ‘आनंदाने जग!’ असं कुणाला सांगाल तर ती पुढे सरकून दातांमागे येते, ‘जमीन’ म्हणताना येते तशी. अक्षर एकच, आवाज मात्र दोन, आणि तेवढ्याने अर्थही दोन. (पाण्याचा जग पहिल्या गटातला.)

बाकी सगळं सारखं आणि एका आवाजाने अर्थ बदललेला, अशा जोडीला भाषाशास्त्रज्ञ लघुतम युग्म म्हणतात. थोडं या अर्थाचं ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचं ‘जरा’ ही दुसरी जोडी. अशी जोडी मिळाली की ते आवाज त्या भाषेतले वेगळे स्वनिम ठरतात. मात्र ‘हे दोन आवाज वेगळे आहेत का?’ असं बोलणाऱ्याला विचारून भागत नाही, कारण तो मनातल्या मनात स्पेलिंग पाहतो. त्यापेक्षा दोन्ही शब्द सुटे ध्वनिमुद्रित करायचे, उलटसुलट ऐकवायचे आणि फक्त अर्थ विचारायचा.

जोडी मिळाली नाही, तर कोणता आवाज कुठे येतो ते तपासतात. ‘चमचा’चं अनेकवचन करा, ‘माझा’चं ‘माझी’ करा. ‘चा’, ‘झा’ दातांमागचे. ‘चे’, ‘झी’ टाळूचे. इथे निवड आपली नाही, पुढचा ए किंवा ई ती करतो. एवढाच पुरावा असता तर ही एकाच स्वनिमाची दोन रूपं, म्हणजे स्वनांतरं, म्हटली असती. पण आ-समोर ‘चाक’ दातांमागचं आणि ‘चार’ हा आकडा टाळूचा. तिथे दोन्ही चालतात. म्हणून मराठीत हे स्वनिम वेगळेच, फक्त इ-ए समोर त्यांच्यातला भेद सहसा मिटतो. ‘झेब्रा’सारख्या पाहुण्यांनी तोही नियम मोडायला घेतलाय.

दातांमागचा ‘ज’ म्हणताना कुणी जीभ क्षणभर दाबतो, कुणी नुसती हवा घासत सोडतो. अर्थ तोच राहतो, म्हणून हा फरक हिशेबात धरत नाहीत.

फरक कानाला किती मोठा, यावर काही ठरत नाही. इंग्रजीत ‘किन’मधल्या क-मागे हवेचा झोत असतो, ‘स्किन’मध्ये नसतो, इंग्रजांना ते जाणवतही नाही, कारण त्यावर अर्थ ठरत नाही. आपण त्याच झोतावर ‘काल’ आणि ‘खाल’ वेगळे करतो.

प्रागच्या परंपरेतल्या त्रुबेत्स्कॉय यांच्या 1939 साली आलेल्या ग्रंथात या कसोट्या नीट मांडलेल्या आहेत. त्यातली एक विसरू नये: एकमेकांच्या जागी न येणारे आवाज जातीनेही जवळचे हवेत. इंग्रजीत ‘ह’ शब्दांशाच्या आरंभी येतो आणि ‘सिंग’च्या शेवटचा अनुनासिक शेवटी. दोघे कधी समोरासमोर येत नाहीत, म्हणून त्यांना एक म्हणणं हास्यास्पद ठरेल.

परभाषकांना मराठी शिकवणाऱ्यांनी च-ज-झ यांचे दोन उच्चार पहिल्या धड्यापासून खुणेने दाखवावेत. लिपी ते दाखवत नाही, आणि ऐकून आपोआप येतील असं समजण्यात अर्थ नाही.