आफ्टरशेव्ह घेताना बाटलीची मागची बाजू वाचा

आफ्टरशेव्ह झोंबला म्हणजे त्याचं काम झालं, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. ब्लेड केसांबरोबर त्वचेचा सगळ्यांत वरचा, पाणी धरून ठेवणारा थरही थोडा खरवडून नेतं. साबण किंवा फोम त्याच्यावरचं तेल आधीच धुऊन टाकतो. अशा उघड्या पडलेल्या त्वचेवर स्पिरिटसारखं पातळ आफ्टरशेव्ह पडलं की आग होते, कारण अल्कोहोलमुळे उष्णता जाणवणारे मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात आणि अंगातली नेहमीची ऊबसुद्धा त्यांना चटका वाटते. जंतू मरतात हे खरं, पण सुरक्षित ब्लेड आणि स्वच्छ पाणी घरात असताना रोज निर्जंतुक करावी अशी जखम तिथे नसते. उरतो तो कोरडेपणा.

दुकानात नावांचा गोंधळ आहे. 'आफ्टरशेव्ह लोशन' म्हणून जे मिळतं ते आपल्याकडे बहुतेक वेळा हेच पातळ, अल्कोहोलचं पाणी असतं. बाम मात्र दुधासारखा दाटसर असतो. पण दाटपणावरही विसंबू नका, मागची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिले पाच-सहा पाहिले तरी पुष्कळ कळतं. पाण्यानंतर लगेच 'अल्कोहोल डिनॅट' किंवा 'इथाइल अल्कोहोल' दिसलं तर बाटली परत ठेवा. सीटाइल, स्टिअरिल किंवा सीटिअरिल अल्कोहोल मात्र वेगळे. ते मेणासारखे, मऊपणा देणारे पदार्थ आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही.

आपल्याला हवं आहे ते ग्लिसरिन, वरच्या क्रमांकांत. ते पाणी ओढून घेतं. ते पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याच्या जोडीला डायमेथिकोन, शिया बटर किंवा पेट्रोलॅटम यांपैकी काहीतरी हवं. पँथेनॉल, अॅलँटॉइन असतील तर उत्तमच. सुगंध मात्र नको. यादीत तो 'पर्फम' किंवा 'फ्रेग्रन्स' असा लिहिलेला असतो, आणि खरवडलेल्या त्वचेला अॅलर्जी आणणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा. मेंथॉलचा गारवाही फसवा असतो: त्वचा थंड होत नाही, फक्त तसं वाटतं.

माझा भाचा हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करतो, तिथे दाढी रोज करावीच लागते. हिवाळ्यात त्याचे गाल तासाभरात ताणल्यासारखे होत, पापुद्रे सुटत, आणि गळ्यावर लाल पुटकुळ्या येत. अल्कोहोलवालं लोशन बंद करून तो साधा, बिनवासाचा बाम वापरू लागला. दाढीनंतर गार पाण्याने चेहरा धुवायचा, टॉवेलने घासायचा नाही, नुसता टिपायचा, आणि त्वचा ओलसर असतानाच हरभऱ्याएवढा बाम हलक्या हाताने लावायचा. आठवड्याभरात गाल सुधारले. गळा होता तसाच राहिला.

हे असंच व्हायला हवं होतं, कारण त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दाढीनंतर लगेच होणारी आग आणि ताण म्हणजे कोरडेपणा, त्यावर बाम चालतो. एक-दोन दिवसांनी येणाऱ्या पुटकुळ्या, ज्यांत नीट पाहिलं तर वळलेला केस दिसतो, त्या केस कातडीत उलटा शिरल्याने येतात. गळ्यावरचे केस वाकडेतिकडे उगवतात. त्वचा ताणून, उलटा हात मारून, तीन-चार पात्यांच्या रेझरने ते कातडीच्या पातळीखाली कापले की वाढताना आतच वळतात. यावर कुठलाही बाम उपाय नाही. भाच्याने गळ्यापुरता ट्रिमर घेतला, मिलिमीटरभर खुंट ठेवू लागला, तेव्हा पुटकुळ्या कमी झाल्या.

बाम आणि मॉइश्चरायझर दोन्ही घ्यायलाच हवेत असं नाही. बाममध्ये वरचे घटक असतील तर मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत तेवढं पुरतं. नागपूरच्या कोरड्या थंडीत रात्री दाटसर क्रीम लागेल. त्यावर 'फॉर मेन' लिहिलेलं असण्याची गरज नाही. घरात बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर असेल तर दाढीनंतर तेच लावा. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर थोडं थोडं लावून पाहा. लाली किंवा खाज आली नाही तरच चेहऱ्याला लावा. तुरटी रक्त थांबवायला चांगली, पण कापलेल्या ठिकाणापुरतीच. पूर्ण चेहऱ्यावर खडा फिरवला तर तीही त्वचा सुकवते.

शेवटी एक कळकळीची विनंती. पुटकुळ्यांवर औषधाच्या दुकानातून कुणी सुचवलेली ट्यूब आणून लावू नका. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ दिसतो, पण महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि ट्यूब थांबवली की आग दुपटीने होते. पुटकुळ्यांत पू झाला, किंवा दाढी बंद ठेवूनही त्या जात नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.