पोर्टफोलिओ आढावा : नफ्याच्या स्लाइडपलीकडे काय पाहाल?

वार्षिक आढाव्यात सल्लागाराने स्लाइड दाखवल्या की नजर नफ्याच्या आकड्यावरच जाते. पण विभागणी, कामगिरी आणि जोखीम एकत्र पाहिल्यावरच खरे चित्र कळते. एक उदाहरण पाहू.

विभागणी : 10 लाखांपैकी 6 लाख इक्विटी फंडात, 4 लाख डेट फंडात ठेवले. वर्षभरात इक्विटी फंड 40 टक्के, तर डेट फंड 7 टक्के वाढला. एकूण रक्कम 12.68 लाख झाली. पण इक्विटीचा वाटा ठरलेल्या 60 वरून 66 टक्क्यांवर गेला.

कामगिरी : परतावा 26.8 टक्के. मात्र त्याच 60:40 प्रमाणात निर्देशांकांनी 29.2 टक्के दिले असतील, तर पोर्टफोलिओ मागेच पडला. केवळ मुदत ठेवीशी केलेली तुलना ही गोष्ट लपवते.

जोखीम : आता इक्विटी 30 टक्के घसरली तर 2.52 लाख कमी होतील. वाटा 60 टक्केच असता, तर 2.28 लाख.

म्हणून शेवटच्या स्लाइडवर उपाय हवा : सुमारे 79 हजार रुपये इक्विटीतून डेटमध्ये हलवणे. विक्रीवर कर टाळायचा असल्यास नवे 1.32 लाख डेटमध्ये टाकूनही प्रमाण पूर्ववत होते. ही स्लाइड नसेल, तर ती मागून घ्या.