जलशुद्धिकारकाची नळजोडणी, घरगुती

घरातील पाण्याच्या नळापासून जलशुद्धिकारक संचापर्यंत कच्चे पाणी आणणाऱ्या व संचातून बाहेर पडणारे क्षारयुक्त त्याज्य पाणी मोरीपर्यंत नेणाऱ्या नळ्या, जोड व झडपा यांच्या मांडणीस ही संज्ञा लावतात. प्रस्तुत नोंदीत व्यस्त तर्षण तत्त्वावर चालणाऱ्या, म्हणजे सामान्यतः ‘आरओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचांच्या जोडणीचा विचार केला आहे. या संचांत त्याज्य पाण्याची स्वतंत्र वाट असते व त्यांचे कार्य सर्वस्वी पाण्याच्या दाबावर अवलंबून असते, त्यामुळे साध्या गाळणीच्या मानाने त्यांची जोडणी अधिक काळजीने करावी लागते.

पाण्यात क्षार विरघळलेले असले म्हणजे ते अर्धपार्य पटलातून पलीकडे ढकलण्यासाठी प्रथम तर्षण दाबावर मात करावी लागते. दर लिटरला १०० मिग्रॅ. विरघळलेल्या घन पदार्थांमागे हा दाब सु. ०.०७ किग्रॅ./चौ. सेंमी. असतो. पाण्यात असे पदार्थ ६०० मिग्रॅ./लि. असल्यास (विंधन विहिरीचे पाणी मिसळणाऱ्या वसाहतींत हे प्रमाण असामान्य नाही) तर्षण दाब सु. ०.४ किग्रॅ./चौ. सेंमी. भरतो. त्याहून कमी दाबाचे पाणी पटलाशी नुसते येऊन थांबेल. त्यातून शुद्ध पाणी मिळणार नाही. याकरिता संचात दाबवर्धक पंप बसविलेला असतो व तो पाण्याचा दाब ४ ते ६ किग्रॅ./चौ. सेंमी. पर्यंत वाढवितो. परंतु पंपाकडे येणाऱ्या पाण्याच्या दाबालाही खालची व वरची अशा दोन मर्यादा असतात. अनेक संचांकरिता त्या सु. ०.३ व २ किग्रॅ./चौ. सेंमी. अशा दिलेल्या आढळतात. नेमके आकडे संचावरील पट्टीवर छापलेले असतात व तेच प्रमाण मानावयाचे असतात.

दाबाच्या मर्यादा : महाराष्ट्रातील पुष्कळ शहरांत नळाचे पाणी ठराविक वेळीच येत असल्याने ते इमारतीच्या गच्चीवरील टाकीत साठवून तेथून घरोघर सोडतात. अशा वेळी नळातील दाब टाकीतील पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतच्या उभ्या अंतरावर ठरतो. नळ्या जाड आहेत की बारीक, याचा वाहत्या पाण्याच्या दाबावर परिणाम होतो. सर्व नळ बंद असतानाच्या स्थिर दाबावर होत नाही. दर १० मी. उंचीमागे स्थिर दाब सु. १ किग्रॅ./चौ. सेंमी. होतो.

उदाहरणादाखल, तळमजला धरून बारा मजल्यांची एक इमारत घेऊ. प्रत्येक मजला ३ मी. उंच आहे, गच्चीवरील टाकीचा तळ गच्चीपासून १.५ मी. वर आहे, टाकीत १.५ मी. खोल पाणी मावते आणि स्वयंपाकघरातील जोड जमिनीपासून १ मी. उंचीवर आहे. सर्वांत वरच्या घरातील जोडापासून भरलेल्या टाकीतील पाण्याची पातळी ५ मी. उंचीवर येते, म्हणजे तेथील दाब ०.५ किग्रॅ./चौ. सेंमी. होय. टाकी तळाशी जाऊ लागली की तो ०.३५ पर्यंत उतरतो. येथे संच चालेल, पण जेमतेम. शेजारच्या न्हाणीघरातील मोठा नळ कोणी सोडला, तर वाहत्या पाण्यातील दाब आणखी घटतो, कमी दाबाचा स्विच पंप बंद करतो आणि नळ मिटताच पुन्हा सुरू करतो. संच थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद होत असल्यास यंत्रात बिघाड शोधण्याआधी हे कारण तपासावे.

तळमजल्यावरील घराचा जोड याहून ३३ मी. खाली आहे. तेथे पाण्याची उंची ३८ मी. व दाब ३.८ किग्रॅ./चौ. सेंमी. होतो, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. संचातील पटल ५ किग्रॅ. दाब सोसत असेल तर ३.८ ने काय बिघडते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पंपापुढील भाग त्या दाबासाठीच बनविलेला असतो व संच चालू असेतोच तो दाबाखाली असतो. पंपापूर्वीचा भाग, म्हणजे बाहेरची गाळणी, तिची प्लॅस्टिकची वाटी, नळीचे जोड आणि पाणी अडविणारी विद्युत् झडप, हा मात्र अहोरात्र दाबाखाली राहतो. त्यातच ही झडप झटकन मिटली की वाहते पाणी एकदम थांबून क्षणिक धक्का बसतो व दाब तेवढ्यापुरता आणखी चढतो. रात्री इमारतीतील सर्व नळ बंद असताना दाब सर्वाधिक असतो. म्हणूनच गाळणीची वाटी तडकणे किंवा नळी निसटणे हे प्रकार पुष्कळदा रात्री घडतात आणि सकाळपर्यंत स्वयंपाकघरात पाणी साचते.

दाब जास्त असल्याची एक सौम्य खूण आधीच दिसते. शुद्ध पाण्याची टाकी भरून पंप थांबल्यावरही त्याज्य पाण्याच्या नळीतून ठिबक चालूच राहिली, तर विद्युत् झडप पूर्ण मिटत नाही असे समजावे. झडपेत कचरा अडकल्यानेही असे होते. पण झडप साफ करूनही ठिबक राहिल्यास दाब मोजणे आवश्यक ठरते. तबकडीचा साधा दाबमापक जोडाला लावून सर्व नळ बंद असताना, शक्यतो रात्री उशिरा, आकडा पाहतात. तो मर्यादेबाहेर असल्यास टीनंतर व बाहेरच्या गाळणीपूर्वी दाब कमी करणारी झडप बसवितात व ती १ ते १.५ किग्रॅ./चौ. सेंमी. वर स्थिर करतात. गाळणीनंतर बसविलेली झडप गाळणीच्या वाटीचे रक्षण करू शकत नाही. वरच्या मजल्यांसाठी गच्चीवर स्वतंत्र दाबपंप बसविला गेल्यास तेथील जुना हिशेब निरुपयोगी होतो व दाब नव्याने मोजावा लागतो.

प्रवेश टी : कच्चे पाणी घेण्यासाठी ओट्याखालील अँगल कॉक आणि नळाकडे जाणारी लवचिक नळी यांच्यामध्ये १५ मिमी., म्हणजे अर्ध्या इंचाची, टी बसवितात. तिच्या आडव्या फाट्यावर छोटा कॉक असून त्यातून ६ मिमी. व्यासाची, कारागिरांच्या भाषेत दोन सुती, नळी निघते. हा छोटा कॉक अत्यावश्यक आहे. तो असला की नळ चालू ठेवून संच एकटा बंद करता येतो. टी थंड पाण्याच्या वाटेवरच असावी. सौर तापकाचे किंवा गिझरचे पाणी पटलापर्यंत पोहोचल्यास ते कायमचे निकामी होऊ शकते. या पटलांची तापमानमर्यादा सामान्यतः ४५° से. असते.

बाहेरच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे देऊन गुंडाळतात व पहिला आटा मोकळा ठेवतात, म्हणजे पट्टीचे तुकडे आत जात नाहीत. जेथे रबरी वॉशर आहे तेथे पट्टीची गरज नसते. टी पितळेची घेणे श्रेयस्कर. प्लॅस्टिकची टी पान्याने अधिक आवळल्यास तिला केसासारखी चीर पडते आणि ती गळू लागते ती काही आठवड्यांनी, कारागीर निघून गेल्यावर. जुन्या जस्तलेपित लोखंडी नळात विशेष जपावे लागते. अँगल कॉक एका पान्याने धरून न ठेवता दुसऱ्याने जोर लावल्यास भिंतीच्या आतील गंजलेले निपल फिरते व गळती भिंतीत सुरू होते.

टी बसविल्यावर नळी संचाला लगेच जोडत नाहीत. छोटा कॉक उघडून काही लिटर पाणी बादलीत सोडतात, म्हणजे गंजाचे कण झडपेत न जाता बाहेर पडतात. नंतर नळी काटकोनात कापून जोडात पूर्ण खोलवर दाबतात. पहिला अडथळा रबरी कड्याचा असतो. तेथेच थांबल्यास जोड दिसायला ठीक वाटतो, पण दाबाखाली निसटतो. नळी मागे ओढून पाहणे ही त्याची साधी कसोटी होय.

त्याज्य पाण्याची नळी : पटलाने अडविलेले क्षार घेऊन जाणारे पाणी या नळीतून बाहेर पडते. तिच्या आरंभी एक अरुंद छिद्राचा प्रवाहरोधक असतो. पटलावरील दाब टिकविणे व क्षार सतत वाहून नेणे या दोन्ही गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात. दिवसाला ७५ गॅलन क्षमतेचे पटल ३.५ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाखाली व २५° से. तापमानास मिनिटाला सु. २०० मिलि. शुद्ध पाणी देते. त्याबरोबर मिनिटाला ४५० मिलि. चा प्रवाहरोधक असल्यास एक लिटर शुद्ध पाण्यामागे सव्वादोन लिटर पाणी बाहेर जाते. आलेल्या पाण्यात ६०० मिग्रॅ./लि. क्षार असून शुद्ध पाण्यात ६० उरत असतील, तर त्याज्य पाण्यात ते ८४० होतात. हे पाणी फरशी पुसण्यास व संडासात वापरण्यास चालते. कुंड्यांतील झाडांना रोज घातल्यास मातीत क्षार साठतात.

पाणी वाया जाते म्हणून ही नळी चिमटवून किंवा कॉक लावून प्रवाह कमी करण्याची प्रथा दिसून येते. या उपायाने बचत होते, पण महागात पडते. वरील उदाहरणात त्याज्य पाणी शुद्ध पाण्याच्या एकतृतीयांशावर आणले, तर त्यातील क्षार २,२०० मिग्रॅ./लि. हून अधिक होतात. चुन्याचे क्षार विरघळलेले न राहता पटलावर थर धरतात, पाण्याची धार मंदावते आणि शुद्ध पाण्यातील क्षार वाढू लागतात. मोजपात्रात दोन्ही नळ्यांचे एका मिनिटाचे पाणी धरून पाहिल्यास स्थिती कळते. त्याज्य पाणी एकदम घटले असल्यास नळी दुमडली आहे किंवा प्रवाहरोधक तुंबला आहे. फक्त शुद्ध पाणी घटले असल्यास गाळण्या, पंप व पटल तपासावे. हिवाळ्यात पाणी थंड झाल्याने शुद्ध पाण्याची धार सु. पाव हिश्श्याने कमी होऊ शकते. तो दोष नव्हे.

नळीचे तोंड मोरीच्या किंवा बादलीच्या काठापासून निदान २५ मिमी. वर, हवेत मोकळे असले पाहिजे. ते तुंबलेल्या मोरीत बुडालेले असताना इमारतीची टाकी रिकामी झाली व खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला, तर उतरणारा स्तंभ मागून शोषण करतो. संचातील एकदिशा झडप सदोष असल्यास मोरीतील घाण पाणी पटलाच्या बाजूने उलटे चढून टीमार्गे पिण्याच्या नळात येऊ शकते. नळी थेट सांडपाण्याच्या नळाला जोडावयाची झाल्यास ती जलबंधाच्या अलीकडे, म्हणजे मोरीच्या बाजूस, जोडतात, नाहीतर दुर्गंधी वायू नळीवाटे संचात शिरतात. अशा जोडणीतही मध्ये हवेची मोकळी जागा ठेवणारा नरसाळ्यासारखा भाग असावा लागतो. नळी व नरसाळे यांमधील ही फट बोटभरच असते. ती वाईट दिसते म्हणून अनेक घरांत नळी आत खुपसून फट बुजवून टाकलेली आढळते.