कमान सजविण्यास किती फुले लागतील ?

लग्नसमारंभ, ग्रामसभा किंवा शाळेचे संमेलन यांसाठी फुलांची कमान उभारावयाची असली, म्हणजे हरितगृहात जरबेरा पिकविणाऱ्या शेतकऱ्याकडे मागणी येते. "कमान भरेल एवढी फुले द्या," एवढेच त्या वेळी सांगितले जाते. अंदाजाने फुले दिली आणि ती पहाटे अपुरी पडली, तर बाजारातून वाटेल त्या भावाने आणावी लागतात. अधिक तोडली, तर उरलेल्या फुलांना गिऱ्हाईक मिळत नाही. हे नुकसान टाळण्यासाठी पुढील हिशेब करावा.

प्रथम एका चौरस फुटास किती फुले बसतात ते ठरवावे. फुलाचा व्यास इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा व त्याने १४४ ला भागावे. जरबेऱ्याचे फूल ४ इंचांचे असेल, तर १४४ भागिले १६ म्हणजे ९ फुले सरळ ओळींत बसतात. परंतु गोल फुले अशी लावल्यास त्यांच्यामध्ये एकपंचमांशाहून थोडी अधिक जागा मोकळी राहते. दुसऱ्या ओळीतील फूल पहिल्या ओळीतील दोन फुलांच्या खाचेत बसविले, तर चौरस फुटास सुमारे १० फुले लागतात आणि मोकळी जागा पुष्कळच कमी होते. फूल ३॥ इंचांचेच निघाले, तर संख्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढते. म्हणून व्यास डोळ्यांनी न ठरविता दहा फुले एकमेकांस टेकवून ओळीत ठेवावी, लांबी मोजावी व तिला दहाने भागावे.

यानंतर क्षेत्रफळ काढावे. समजा, कमानीच्या दोन्ही खांबांची उंची ८ फूट, रुंदी १ फूट व खोली १ फूट आहे. खांबांमधील अंतर ८ फूट असून वरचा भाग अर्धवर्तुळाकार आहे. दोन्ही खांबांची दर्शनी बाजू १६ चौरस फूट झाली. अर्धवर्तुळाच्या पट्ट्याची बाहेरील त्रिज्या ५ फूट व आतील ४ फूट आहे. २५ मधून १६ वजा केल्यास ९ उरतात, त्यांस ३.१४ ने गुणून निम्मे केले, म्हणजे सुमारे १४ चौरस फूट होतात. दर्शनी भाग एकूण ३० चौरस फूट झाला.

पुष्कळ जण येथेच थांबतात आणि फसतात. पाहुणा कमानीखालून जातो तेव्हा त्याला आतील बाजूही दिसते. खांबांच्या आतील बाजू १६ चौरस फूट आणि वरच्या गोलाईची आतील बाजू सुमारे १३ चौरस फूट, मिळून २९ चौरस फूट होतात. म्हणजे झाकावयाची जागा जवळजवळ दुप्पट झाली. मागील बाजू उघडी राहणार असेल, तर तीही धरावी. गोलाई मोजताना दोरी वक्राला धरून लावावी व मग ती सरळ करून मोजावी.

आता दर्शनी भाग पूर्ण फुलांनी भरावयाचा व आतील भागात निम्मा हिरवा पाला घालावयाचा, असे ठरवू. दर्शनी भागास ३० गुणिले १० म्हणजे ३०० फुले आणि आतील भागास २९ गुणिले ५ म्हणजे १४५ फुले लागतील. एकूण ४४५ झाली. वाहतुकीत मोडणाऱ्या व मान टाकणाऱ्या फुलांसाठी दहावा हिस्सा अधिक धरल्यास ४९० फुले, म्हणजे दहा फुलांच्या ४९ जुड्या लागतील.

हा आकडा मागणीदारास सांगण्यापूर्वी एक चौरस फुटाचा नमुना करावा. तो दहा-बारा पावलांवरून पाहावा. आतील स्पंज दिसत असेल, तर एक-दोन फुले वाढवावी किंवा तेथे पाला खोचावा. खांब गोल असेल, तर फुलांची तोंडे बाहेर पसरतात व फटी रुंदावतात. तेथे हा नमुना खांबावरच करून पाहावा.

शेवटी आपल्या तोडणीच्या नोंदवहीतील मागील आठ दिवसांचे आकडे पाहावे. रोज १८० फुले निघत असतील, तर ४९० फुलांसाठी तीन दिवसांची तोडणी लागेल. ती फुले स्वच्छ पाण्यात, थंड सावलीत उभी ठेवावी. फुलाच्या मधल्या चकतीची बाहेरील दोन-तीन वर्तुळे उमलण्यापूर्वी तोडलेले फूल लवकर मान टाकते. स्पंज पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यावा. हाताने दाबल्यास आत हवा राहून तो मध्ये कोरडा राहतो आणि त्यात खोचलेली फुले समारंभापूर्वीच माना टाकतात. असे झाल्यास फुलांची संख्या बरोबर असूनही कमान उघडी पडते.